स्थळाच्या चॅटमध्ये इमोजी, मीम आणि रील: पहिले पंधरा दिवस

पोहे खाऊन झाले, मोठ्यांनी एकमेकांचे नंबर दिले, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "नमस्कार, नीट पोचलात ना घरी?" इथून पुढचे पंधरा दिवस फार विचित्र असतात. समोरच्या माणसाचं शिक्षण, पगार, उंची आणि आजोळ तुम्हाला पाठ असतं, पण तो माणूस चिडल्यावर कसा बोलतो आणि मस्करीत कसा बोलतो, हे अजिबात माहीत नसतं. आवाज ऐकलेला असतो जेमतेम वीस मिनिटं, तोही दोन्हीकडच्या मावश्या समोर बसलेल्या असताना. म्हणून मेसेज वाचताना तो आवाज मनातल्या मनात लावता येत नाही, आणि ती उणीव भरून काढायला माणूस इमोजी, मीम आणि रील्सकडे वळतो.

आमच्या नात्यागोत्यात स्थळं सुचवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलंय. त्यामुळे नंतरचे फोनही मलाच येतात: "ताई, त्यांनी नुसता अंगठा पाठवलाय, म्हणजे काय समजायचं?" त्या फोनांमधून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: दोन दिवस नुसतं बघा

पहिले वीसेक मेसेज साध्या शब्दांत करा आणि समोरची व्यक्ती कशी लिहिते ते बघा. मोठी वाक्यं लिहिते की तुकडे पाडते? "बरं." असं पूर्णविरामासकट लिहिते का? काहींची ती सवय असते, आणि ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, राग आला. इमोजी वापरतेच का, आणि वापरत असेल तर वाक्याच्या शेवटी एक की ओळीने पाच?

मग साधारण तेवढंच तुम्ही वापरा. समोरून चार मेसेजमागे एक हसरा चेहरा येत असेल, तर तुमच्याकडून प्रत्येक ओळीला तीन गेले की तुम्ही एक तर लहान मूल वाटता, नाही तर घाईत असलेला माणूस. उलटंही होतं. समोरची मुलगी मोकळेपणाने 😄 टाकत असताना तुम्ही आठ दिवस कोरडं "हो", "ठीक", "चालेल" लिहीत राहिलात, तर तिच्या घरी निरोप जातो की मुलाला इंटरेस्ट दिसत नाही.

"तुम्ही" वरून "तू" वर कधी यायचं हा वेगळा विषय आहे. एवढंच सांगते की जोवर "अहो-जाहो" चालू आहे, तोवर 😉 आणि 😘 यांना हात लावू नका. "तुम्ही जेवलात का 😉" हे वाचून नेमकं काय समजायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरी पायरी: थोडेच इमोजी घ्या, आणि ते वाक्याच्या शेपटीला लावा

इमोजी हा शब्द जपानी आहे. "ए" म्हणजे चित्र आणि "मोजी" म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या भावनेच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही, नुसता उच्चार जुळतो. कोणत्या इमोजीला कोणता क्रमांक आणि कोणतं नाव, हे युनिकोड ही संस्था ठरवते. चित्र मात्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. म्हणून तुमच्या अँड्रॉइडवरचा चेहरा तिच्या आयफोनवर हुबेहूब तसाच दिसेल असं नाही. 😁 हा चेहरा काही वर्षांपूर्वी ॲपलच्या फोनवर असा काढलेला होता की हसण्याऐवजी दात आवळल्यासारखा दिसायचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे तपासलं. त्यात असंही दिसलं की चित्र अगदी तेच दाखवलं, तरी ते चांगल्या भावनेचं, वाईट की मधलं, यावर २५ टक्के वेळा लोकांचं एकमत होत नाही. तेव्हा घोळ फक्त फोनचा नसतो, वाचणाऱ्याचाही असतो.

उपाय सोपा आहे: अर्थ शब्दांत ठेवा, आणि तो कोणत्या सुरात म्हटलाय एवढंच इमोजीला सांगू द्या. "उद्या जमणार नाही, ऑफिसात ऑडिट आहे 😅" यातून इमोजी काढला तरी अर्थ शाबूत राहतो. पण "भेटायचं का रविवारी?" याला नुसतं 😅 आलं, तर तो होकार की नकार, हे देवाला ठाऊक.

व्हॉट्सॲपची एक खोडही लक्षात ठेवा. इमोजी शब्दांशिवाय एकटाच पाठवला की तो मोठा दिसतो, आणि लाल ❤️ एकटंच पाठवलं तर मोठं होऊन धडधडतं. तिने बहिणीच्या बाळाचा फोटो पाठवला, तुम्ही सहज ❤️ टाकलं, आणि नेमका तिच्या आईने फोन हातात घेतला. हे घडलेलं आहे. त्याऐवजी "किती गोड आहे 😊" लिहा.

सुरुवातीला मी चारच सुचवते: 😊, 😄, 😅 आणि 👍. त्यातला 👍 फक्त वेळ-जागा पक्की करायला वापरा: "सहा वाजता, तळ्याजवळ." "👍". एखाद्याने मनातलं काही चार ओळींत लिहिलं आणि त्याला अंगठा गेला, तर ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

आता आपल्याकडे जे सगळ्यात जास्त नडतात ते. 🙏 मराठी माणसाच्या हातात निदान तीन अर्थांनी चालतो: नमस्कार, धन्यवाद, आणि "हात जोडले बाबा, पुरे आता". तिसरा अर्थ विसरू नका, त्याची गोष्ट पुढे येते. 🙂 हा वडीलधाऱ्यांना साधं स्मित वाटतो, पण पंचविशीतल्या बऱ्याच मुलामुलींना त्यात टोमणा दिसतो, "हो का, बरं" असा. 😭 आणि 💀 तरुणांमध्ये "हसून हसून मेले" या अर्थाने चालतात. पण समोरची व्यक्ती त्यातली नसेल तर तुमच्या विनोदावर कवटी आलेली बघून तिची झोप उडते, आणि आजोबा आजारी असल्याच्या बातमीवर तुम्ही सवयीने 😭 टाकलंत तर तेही कसंसंच दिसतं. 🥹, 🫣, 🫠 हे २०२१ मधले नवे चेहरे आहेत. फोन किंवा ॲप जुनं असेल तर त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसतो, आणि समोरची व्यक्ती त्या चौकोनाचा अर्थ लावत बसते.

मेसेजवर बोट दाबून धरून जी रिॲक्शन देतात, ती "वाचलं" एवढं सांगायला छान. "पोचले घरी" याला रिॲक्शन पुरे. प्रश्नाला मात्र रिॲक्शन हे उत्तर होत नाही, आणि सलग तीन मेसेजना नुसत्या रिॲक्शन दिल्या तर आपण भिंतीशी बोलतोय असं समोरच्या माणसाला वाटायला लागतं.

तिसरी पायरी: मीम पाठवण्याआधी त्यात कोणाला हसलंय ते बघा

मीमची गंमत अशी की ते कळायला दोघांना एकच जुनी गोष्ट माहीत असावी लागते. कुठल्या सिनेमातला संवाद, कुठल्या क्रिकेटपटूचा चेहरा, कुठल्या शहराची थट्टा. पंधरा दिवसांच्या ओळखीत अशी सामायिक गोष्ट एखाददुसरीच असते. म्हणून पहिलं मीम तुमच्या गप्पांतूनच निघालेलं असावं. तिने सांगितलं की तिच्या घरी चहा दिवसातून सहा वेळा होतो, आणि तुम्हाला चहावरचं मीम दिसलं, तर खुशाल पाठवा: "हे बघून तुमचं घर आठवलं." तेच मीम काही न लिहिता, सकाळी सव्वासातला, तिसऱ्या ग्रुपवरून फॉरवर्ड होऊन आलं तर तो नुसता कचरा.

व्हॉट्सॲप फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर बाणाची खूण लावतं. पाच किंवा जास्त वेळा पुढे सरकत आलेल्यावर दुहेरी बाण येतो आणि तो मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. दुहेरी बाण असलेलं मीम म्हणजे सत्यनारायणाचा उरलेला प्रसाद. घरोघरी पोचलेला, आणि बहुधा तिच्या काकांनी कालच फॅमिली ग्रुपवर टाकलेला.

स्थळाच्या चॅटमध्ये पूर्ण वर्ज्य काय, तर नवरा-बायकोचे विनोद. "लग्न म्हणजे स्वातंत्र्य संपलं" छापाचं मीम ज्या माणसाशी लग्नाचा विचार चाललाय त्यालाच पाठवणं म्हणजे हॉटेलात शिरताना "इथलं अन्न बाधतं" म्हणण्यासारखं आहे. तरीही हे सर्रास पाठवलं जातं, मुलींकडूनही. दुसरं, वजन, रंग आणि सासू यांच्यावरचे. तिसरं, जात, धर्म आणि राजकारण. मतं जुळतात का हे बघायचंय, तर भेटून विचारा. मीममधून विचारलं की समोरचा हसून टाळतो, आणि तुम्ही समजता, पटलं.

एक गोष्ट कायम ध्यानात असू द्या. हे चॅट दोघांचंच नसतं. त्याचा स्क्रीनशॉट बहिणीकडे जातो, वहिनीकडे जातो, कधी थेट "अंतिम निर्णय" नावाच्या ग्रुपवर जातो. तुमच्या गप्पांच्या ओघात जे मीम गोड होतं, ते ओघातून काढून एकटं दाखवलं की कसं दिसेल, हा विचार पाठवण्याआधी दोन सेकंद करा.

चौथी पायरी: रील, आणि इथेच सगळ्यात जास्त बिघडतं

रील पाठवणं म्हणजे समोरच्याला काम देणं. लिंक उघडायची, कानात इअरफोन घालायचे, शेवटपर्यंत बघायचं, पाठवणाऱ्याला यात काय आवडलं असेल ते ओळखायचं आणि मग साजेसं उत्तर सुचवायचं. पाठवणाऱ्याचा वेळ दोन सेकंद, घेणाऱ्याचा दोन मिनिटं. हा हिशेब ज्याच्या ध्यानात आला त्याला बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत.

घडलेली गोष्ट सांगते. स्थळ मीच सुचवलं होतं, त्यामुळे फोन दोघांचेही मलाच. मुलगी कोल्हापुरात बँकेत, काउंटरवर. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी भेट झाली, सोमवारी संध्याकाळी चॅट सुरू झालं आणि फार छान सुरू झालं.

"आज कसा गेला दिवस?"
"महिनाअखेर, त्यामुळे गर्दी. तुमचा?"
"मीटिंग, आणि त्या मीटिंगबद्दलची मीटिंग 😄"
"आमचं पासबुक छापायचं मशीन बंद पडलंय, आमची मीटिंग तीच 😄"

बघा, चार ओळींत दोघांचा सूर लागला. इमोजी दोनच, दोन्ही वाक्याच्या शेवटी.

मंगळवारी अकरा ते एकच्या दरम्यान त्याने सात रील्स पाठवली. पहिलं बँकेतल्या "जेवणाच्या सुट्टी"वरचं. हा विनोद ती नोकरीला लागल्यापासून काउंटरच्या पलीकडून ऐकत आलीय. मग पुण्याचं ट्रॅफिक, एक मांजर, कुणाचा तरी डाएट प्लॅन. तिने पावणेपाचला फोन उघडला, पहिलं बघितलं, शिष्टाचार म्हणून 😂 टाकलं आणि बाकीची उघडलीच नाहीत. त्याने त्या एका 😂 चा अर्थ "सातही आवडली" असा घेतला आणि बुधवारी नऊ पाठवली. गुरुवारी सकाळी तिने नुसतं 🙏 पाठवलं. त्याचं उत्तर: "अहो, धन्यवाद कशाला! 😊" आणि सोबत सतरावं रील.

त्या रात्री तिचा फोन: "मावशी, मला याच्याशी बोलायचंय, पण हा बोलतच नाही." पाठोपाठ त्याचा: "मावशी, त्यांचे मेसेज कमी झालेत, नकार आहे का?"

दोघांचंही म्हणणं खरं होतं. सोमवारी तिने मशीनबद्दल सांगितलं होतं, आणि मशीन दुरुस्त झालं का, हे विचारायला तीन दिवस त्याला सुचलं नाही, कारण हातात रील्स होती. मी त्याला मेसेज लिहायला बसवलं. जे गेलं ते असं: "गेले दोन दिवस मी तुमच्याकडे रील्सचा पाऊस पाडला. त्यातलं काहीही बघायची किंवा उत्तर द्यायची गरज नाही. मशीन सुरू झालं का?" दहा मिनिटांत तिच्या सहा ओळी आल्या. मशीन, मशीनवाला आणि रोज पासबुक छापायला येणारे एक आजोबा.

(ते लग्न झालं नाही. त्याला पुढे बंगळुरूला जायचं होतं, तिला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. पण ते त्यांना बोलून कळलं, हे महत्त्वाचं.)

या प्रकारानंतर मी जे सांगते ते असं. पहिला आठवडा रील नको. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला एक, फार तर. अर्ध्या मिनिटाच्या आतलं. पाठवण्याआधी स्वतः आवाज चालू करून शेवटपर्यंत बघा, कारण काही रील्सचा शेवट किंवा मागचं गाणं भलतंच असतं. ज्या अकाउंटचं आहे त्याचं नाव आणि खालची ओळही वाचा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की तिथे बहुधा तेच आधी दिसतं, आणि मांजराचं निरागस रील एखाद्या अश्लील नावाच्या पेजवरचं असू शकतं. अकाउंट प्रायव्हेट असेल तर फॉलो न करणाऱ्याला ते उघडणारच नाही. समोरच्याकडे इन्स्टाग्राम नसेल तर लिंकचा प्रश्नच मिटला. त्यात काय होतं ते दोन ओळींत सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच गंमत येते.

रीलसोबत एक वाक्य हवंच, आणि ते असं हवं की रील न बघताही त्याला उत्तर देता येईल. "हे बघा 😂" यात उत्तर देण्यासारखं काही नाही. "यात दाखवलीय तशी भाकरी थापता येते तुम्हाला? माझा कायम महाराष्ट्राचा नकाशा होतो" याला ती रात्री दहाला, रील न उघडताही उत्तर देऊ शकते.

"पाहिलं का?" हे विचारू नका. लागोपाठ दोन रील्सना उत्तर आलं नाही, किंवा नुसता एक इमोजी आला, तर थांबा. एकटा 😂 ही पोच आहे, मागणी नाही. समोरून स्वतःहून एखादं रील आलं, तर समजा की वाट मोकळी आहे.

चुकलंच तर

चुकून भलतं काही गेलं तर घाईने पुसू नका. सगळ्यांसाठी पुसलं तरी मेसेज पुसल्याची ओळ मागे राहते, आणि ती बघून समोरच्याच्या मनात मूळ मेसेजपेक्षा भयंकर काहीतरी येतं. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतो. मीम चुकलं असेल तर पुसा, पण लगेच लिहा: "मित्राला पाठवायचं ते इकडे आलं, म्हणून काढलं." मस्करी अंगलट आली असेल तर आणखी इमोजी टाकून सारवासारव करू नका. "मी गमतीत म्हटलं होतं, पण ते तसं वाटलं नाही हे कळतंय. सॉरी." एवढं पुरतं. तरीही गुंता सुटला नाही तर फोन करा. दोन मिनिटांच्या आवाजात जे निस्तरतं ते चाळीस मेसेजमध्ये निस्तरत नाही.

आणि पाऊस समोरून पडत असेल तर? 🙏 टाकून समोरच्याला कळेल अशी आशा ठेवू नका, कोल्हापूरचं उदाहरण वर आहेच. खोटं 😂 ही टाकू नका, त्याने पाऊस वाढतो. सरळ, पण मऊ लिहा: "दिवसभर काउंटरवर असते, त्यामुळे रील्स बघणं होत नाही. रात्री नऊनंतर बोलूया का? तुमच्या त्या मीटिंगचं पुढे काय झालं ते ऐकायचंय." यात नकार रील्सना आहे, माणसाला नाही, आणि बोलायला विषयही दिलाय. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तीन लिंक आल्या, तर मला फोन करा. मग त्या मुलाशी, किंवा मुलीशी, मीच बोलेन.